‘स्टेबिलिटी’चे वीस गुण: नोकरीतला खंड आणि छोट्या नोकऱ्या अर्जात कशा मोजल्या जातात

अर्ज छाननीच्या तक्त्यात कौशल्याला ४०, अनुभवाला ३०, शिक्षणाला १० आणि ‘स्टेबिलिटी’ला २० गुण, ही मांडणी सोलापुरातल्या टॉवेल कारखान्यांत आणि गारमेंट युनिटांत काम करणाऱ्यांना नवी नाही. पहिल्या तीन रकान्यांवर फारसा वाद होत नाही. वाद चौथ्यावर आहे. सहा महिन्यांपेक्षा मोठा खंड दिसला की दहा गुण वजा, दीड वर्षाच्या आतल्या तीन नोकऱ्या दिसल्या की उरलेले दहा वजा. हे वीस गुण नेमकं काय मोजतात, हे पाहायचं तर हे खंड आणि या छोट्या नोकऱ्या कुठून आल्या ते आधी पाहावं लागतं.

गिरण्यांच्या काळात सोलापुरात बदली कामगार हा मोठा वर्ग होता. कायम कामगाराचा खाडा पडला की त्या साच्यावर बदलीवाला चढायचा. महिन्यात काही दिवस काम मिळायचं, काही दिवस हात हलवत परत जावं लागायचं. त्याच्या कामातले खंड दुसऱ्याच्या हजेरीवर ठरत. औद्योगिक विवाद कायद्यानेही बदलीवाल्याची वेगळी दखल घेतली, आणि एक वर्षाची सलग सेवा झाली की त्याला बदली म्हणून धरायचं नाही असं ठरवून दिलं.

सलग सेवा म्हणजे काय, हा पुढचा प्रश्न होता, आणि आजच्या छोट्या नोकऱ्यांचं मूळ बऱ्याच अंशी त्याच्या उत्तरात आहे. १९४७ च्या या कायद्यात नंतर ठरलेली मोजणी अशी: मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम झालं असेल तर ती एक वर्षाची सलग सेवा. आजारपण, मंजूर रजा, अपघात, टाळेबंदी किंवा कामगाराचा दोष नसताना बंद राहिलेलं काम यांमुळे सलगता तुटत नाही. पगारी रविवार आणि सुट्या या २४० दिवसांत धरायच्या, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट केलं. वर्ष भरलं की कामावरून कमी करताना महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी भरपाई देणं आलं.

ही जबाबदारी टाळण्याचा सरळ मार्ग म्हणजे २४० दिवस भरूच न देणं. सहा-सात महिने झाले की ‘ब्रेक’ द्यायचा, मस्टरवरून नाव काढायचं, महिना-दोन महिन्यांनी नव्या तारखेने परत घ्यायचं. १९८४ च्या दुरुस्तीने आणखी एक वाट खुली झाली: ठरावीक मुदतीचा करार संपला आणि पुढे वाढवला नाही, तर ती कामगारकपात मानायची नाही. मार्च २०१८ मध्ये केंद्राच्या नियमांत मुदतबंद नोकरी सर्व उद्योगांसाठी मोकळी झाली. मुदतीची नोकरी कायदेशीर आहे आणि हंगामी मागणीच्या धंद्याला तिची गरजही असते. पण अशी नोकरी देणारेच पुढे अर्ज चाळताना ‘हा माणूस टिकत नाही’ असं लिहितात, तेव्हा मालकाने आखलेली मुदत उमेदवाराचा स्वभाव म्हणून मोजली जाते. छाननीतला हा सगळ्यात मोठा अन्याय आहे.

२०१४ पासून भविष्यनिर्वाह निधीच्या सदस्याला नोकरी बदलली तरी तोच राहणारा क्रमांक, म्हणजे यूएएन, मिळाला आणि नोकऱ्यांच्या तारखा पडद्यावर दिसू लागल्या. पडताळणी सोपी झाली, पण तीन गफलतीही आल्या. पहिली: कंत्राटदार दरवर्षी बदलला की एकाच कारखान्यात, एकाच टेबलावर तीन वर्षं बसलेला माणूस तीन मालकांकडे फिरलेला दिसतो. दुसरी: जुन्या मालकाने सोडल्याची तारीख भरली नाही तर दोन नोकऱ्या एकावर एक चढलेल्या दिसतात. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की सदस्याला ही तारीख स्वतः भरता येते, पण अनेकांना ते माहीत नसतं. तिसरी सोलापुरात सर्वांत जास्त लागू पडते: वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनेला ही योजना सक्तीची नाही. यंत्रमागाच्या छोट्या शेडमध्ये किंवा सुताच्या पेढीवर पाच वर्षं काम केलेल्याची नोंद तिथे कोरी असते. नोंदीतला खंड म्हणजे कामातला खंड नव्हे. अशा वेळी अनुभवाचा दाखला, बँकेत जमा झालेला पगार किंवा पगारपत्रक पाहायचं.

याच सुमारास चाळणी माणसाच्या नजरेतून संगणकाच्या नियमात गेली. माणूस तारखा वाचून ‘तेव्हा लॉकडाऊन होता’ असं म्हणू शकत होता, नियम तसं म्हणत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात पाहणी केलेल्या कंपन्यांपैकी जवळपास निम्म्या सहा महिन्यांहून मोठा खंड असलेले अर्ज वगळत असल्याचं दिसलं. तो सहा महिन्यांचा उंबरठा आपल्याकडच्या तक्त्यांतही आहे. सहाच का, याचं उत्तर तक्ता वापरणाऱ्याला सहसा देता येत नाही.

आता काही तक्त्यांत स्टेबिलिटी ज्या आकड्यावर उभी असते, त्या ‘सरासरी टिकाव’कडे, म्हणजे दर नोकरीमागच्या सरासरी महिन्यांकडे येऊ. नमुन्यादाखल एक अर्ज घेऊ. जागा अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल निर्यात युनिटमध्ये लेखापालाची, अनुभवाची अट पाच वर्षं. अर्ज ऑगस्ट २०२५ अखेरचा. अर्जदार महिलेच्या नोकऱ्या अशा: जून २०१४ ते मार्च २०२० सुताच्या पेढीवर, ७० महिने, लॉकडाऊनमध्ये पेढी बंद झाली. मग ३० महिन्यांचा खंड. ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२३ कर सल्लागाराकडे हंगामी, ६ महिने. चार महिन्यांचा खंड. ऑगस्ट २०२३ ते एप्रिल २०२४ एका सूतगिरणीत प्रसूती रजेवर गेलेल्या कर्मचाऱ्याच्या जागी, ९ महिने. मे २०२४ पासून एका छोट्या टॉवेल युनिटमध्ये, आजवर १६ महिने.

एकूण काम १०१ महिने. चार नोकऱ्यांनी भागलं तर सरासरी टिकाव २५ महिने, म्हणजे सरासरी दोन वर्षांची अट असेल तर पास. पण अनेक तक्त्यांत फक्त शेवटच्या तीन नोकऱ्या धरतात. मग ३१ भागिले तीन, म्हणजे दहा महिने, आणि नापास. अर्ज तोच, बाई तीच. भाजक बदलला एवढंच. त्यात चालू नोकरीही संपल्यासारखी मोजली आहे. ती अजून संपलेली नाही, म्हणून १६ हा तिचा पूर्ण काळ नाही. आजपर्यंत दिसलेला काळ आहे. सहा आणि नऊ महिन्यांच्या नोकऱ्यांचा शेवट पहिल्याच दिवशी ठरलेला होता, आणि ७० महिन्यांची नोकरी पेढीच बंद झाल्यामुळे गेली. या अर्जात तिने मनाने सोडलेली एकही पूर्ण झालेली नोकरी नाही. जो आकडा ‘ही सोडून जाईल का’ हे सांगतो असं मानलं जातं, त्यात सोडून जाण्याचं एकही उदाहरण नाही.

आता सुरुवातीच्या तक्त्याने गुण पाहू. अनुभव १०१ महिने, अट ६० ची, म्हणून ३० पैकी ३०. शिक्षण १० पैकी १०. कौशल्य ४० पैकी ३२ धरू. स्टेबिलिटी शून्य, कारण मोठा खंड एक आणि दीड वर्षाच्या आतल्या नोकऱ्या तीन. बेरीज ७२. उंबरठा ७५ असेल तर अर्ज बाद. स्टेबिलिटीचा रकाना काढला तर ८० पैकी ७२, म्हणजे ९० टक्के, आणि ती मुलाखतीच्या यादीत वर. पात्रतेचा सगळा पुरावा दोन्ही वेळा सारखाच आहे.

एक चूक अशा रकान्यात सहज दडते, ती दुहेरी वजावटीची. खंडात कामाचे महिने वाढत नाहीत, म्हणून ज्याचे महिने अटीपेक्षा कमी पडतात त्याचे गुण अनुभवाच्या रकान्यात आधीच कापलेले असतात. स्टेबिलिटीत पुन्हा कापणं म्हणजे त्याच खंडासाठी दुसऱ्यांदा दंड. हे ओळखायची सोपी तपासणी आहे: त्याच अर्जाच्या फक्त तारखा सरकवून खंड मिटवा, कामाचे महिने आणि कौशल्यं तशीच ठेवा, आणि पुन्हा गुण काढा. बेरीज बदलली तर तक्ता पात्रतेशिवाय आणखी काहीतरी मोजतो आहे.

खंडामुळे ज्ञान शिळं होतं हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो झटकून टाकू नये. लेखापालाच्या कामात तर तो तारखेनिशी दाखवता येतो. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. खरेदीवर भरलेल्या कराचा तपशील दाखवणारं मासिक विवरण, जीएसटीआर-२बी, ऑगस्ट २०२० पासून. ई-इन्व्हॉइसची सक्ती ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या वरच्या उलाढालीला लागली आणि १ ऑगस्ट २०२३ ला पाच कोटींपर्यंत खाली आली. आपल्या अर्जदाराचा मोठा खंड या बदलांच्या मधोमध पडतो. पण खंडाची लांबी मोजून इथे काहीच कळत नाही. विचारायचं एवढंच की हे काम शेवटचं कधी केलं. चालू नोकरीत ती दर महिन्याला २बी जुळवते आणि ई-इन्व्हॉइस काढते, म्हणून खंडाचा तोटा शून्य. उलट पाच कोटींच्या आतल्या दुकानात अकरा वर्षं सलग बसलेल्या उमेदवाराने ई-इन्व्हॉइस कदाचित एकदाही काढलेलं नसेल. सलगता त्याच्या बाजूने आणि ताजं ज्ञान तिच्या, हे स्टेबिलिटीच्या रकान्याला दिसत नाही. म्हणून प्रत्येक कौशल्यासमोर ‘शेवटचा वापर’ असा महिना-वर्षाचा रकाना हवा. तो कौशल्याच्या ४० गुणांतच बसतो, वेगळे गुण लागत नाहीत.

तारखा फक्त वर्षांत दिल्या असतील तर आधी महिने मागवावेत. ‘२०२२-२०२३’ म्हणजे डिसेंबर ते जानेवारीचे दोन महिनेही असू शकतात आणि पूर्ण चोवीसही. संगणक यातलं काहीतरी एक मनाने धरतो, आणि काय धरलं ते तक्त्यात कुठेही दिसत नाही.

छोट्या नोकऱ्यांकडे अजिबात पाहूच नये, असाही एक आग्रह अलीकडे ऐकू येतो. तो पटत नाही. माणूस तयार व्हायला वर्ष लागतं अशा कामात, उदाहरणार्थ जॅकार्डच्या डिझाइन विभागात, लवकर सोडून जाण्याची धास्ती रास्त असते. पण त्यासाठी नोकरी का संपली हे माहीत हवं. अर्जाच्या नमुन्यात प्रत्येक नोकरीपुढे पाच पर्याय पुरतात: मुदत संपली, काम किंवा आस्थापना बंद झाली, कपात झाली, स्वतः सोडली, चालू आहे. एकाच ठिकाणी कंत्राटदार बदलला असेल तर त्या नोंदी एकत्र करायच्या, आणि मोजायच्या फक्त ‘स्वतः सोडली’ म्हटलेल्या. तशा तीन-चार दिसल्या तर गुण न कापता मुलाखतीत कारण विचारायचं, आणि तोच प्रश्न त्या जागेच्या प्रत्येक उमेदवाराला विचारायचा. खंडाचं कारण मात्र नमुन्यात मागू नये. तिथे बाळंतपण, आजारपण, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची सेवा अशी उत्तरं येतात, आणि ती एकदा कागदावर आली की छाननी करणाऱ्याच्या नजरेआड होत नाहीत.