फोटो तुमचा, पण त्यातला चेहरा कुणाचा?

चेहऱ्यात बदल करून घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

गेल्या दिवाळीच्या आधी एक तरुण मोबाइलमध्ये दोन फोटो घेऊन स्टुडिओत आला. एक त्याचा स्वतःचा, महाबळेश्वरला काढलेला. दुसरा एका मुलीचा, कॉलेजच्या स्नेहसंमेलनातल्या ग्रुप फोटोतून कापून घेतलेला. दोघं शेजारी उभे आहेत आणि त्याचा हात तिच्या खांद्यावर आहे, असा एक फोटो त्याला हवा होता. "वाढदिवसाचं सरप्राइज आहे, दादा." आम्ही म्हटलं, तिला एक फोन लावून द्या, ती हो म्हणाली की लगेच बसतो कामाला. तो जरा घुटमळला, "नंतर येतो" म्हणाला आणि परत आला नाही.

त्याच्या मनात वाईट काही नसेलही. पण तो फोटो तयार झाला असता, तर त्याच्या मोबाइलमधून पुढे कुठे जाईल यावर ना त्याचा ताबा राहिला असता, ना आमचा. ठरलेलं लग्न मोडायला असा एक फोटो पुरतो. मुलीच्या होणाऱ्या सासरी तो व्हॉट्सॲपवर पोचला, की तो खोटा आहे हे पटवून देत बसायची वेळ तिच्यावर येते आणि पाठवणारा नामानिराळा राहतो. म्हणून चेहऱ्याचं काम घेताना आम्ही हल्ली जास्त प्रश्न विचारतो. काही ग्राहकांना त्याचा राग येतो. आम्ही असं का करतो, ते इथे सविस्तर सांगत आहोत.

"फोटो आमचाच आहे" असं म्हणता तेव्हा

ते खरंच आहे. तुम्ही पैसे देऊन लग्नाचे फोटो काढून घेतले आणि वेगळा करार केला नसेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार त्या फोटोंचा कॉपीराइट तुमचा असतो, फोटोग्राफरचा नाही. पण अल्बमातल्या पाहुण्यांचे चेहरे त्यामुळे तुमचे होत नाहीत. मामी कॅमेऱ्याकडे बघून हसल्या त्या तुमच्या लग्नात, तुमच्या अल्बमसाठी. त्यांची संमती तेवढीच. त्यांचा तोच चेहरा उचलून एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर "शुभेच्छुक" म्हणून लावला, तर त्या कुठल्या पक्षाच्या हे चौकात जाहीर होतं. त्यांना कुणी विचारलेलंही नसतं. अशा फ्लेक्सची ऑर्डर आमच्याकडे खरोखर येते. आम्ही प्रत्येक चेहऱ्यामागे होकार मागतो, आणि मिळाला नाही तर तो चेहरा वगळतो.

साधी सफाई वेगळी. पुळी काढणं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं हलकी करणं, घामाची चमक कमी करणं हे स्टुडिओत पूर्वीपासून चालत आलं आहे. आम्ही पाहतो ते एवढंच, की बदल केल्यावर फोटो पाहणाऱ्याला न घडलेली गोष्ट घडलेली वाटते का? वाटत असेल, तर ज्याचा चेहरा आहे त्याला विचारल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. बायोडेटाच्या फोटोत रंग दोन छटा उजळून जबडा बारीक करून मागतात, तिथे चेहरा स्वतःचाच असतो, पण फसतं ते समोरचं घर. तेही आम्ही करत नाही. पासपोर्ट आणि ओळखपत्राच्या फोटोत तर चेहऱ्याला हातच लावत नाही.

आधी तीन तास लागत, आता तीन मिनिटं

दहा-बारा वर्षांपूर्वी एकाचा चेहरा दुसऱ्याच्या धडावर बसवायचा, तर फोटोशॉपमध्ये केसांची कड कापण्यातच तास जायचा. मानेचा रंग जुळायचा नाही. उजेड डावीकडून की उजवीकडून, हे नाकाच्या सावलीवरून पटकन कळायचं. आता एक स्वच्छ समोरचा फोटो मिळाला, की मोबाइलमधलं ॲप ही सगळी जुळवाजुळव आपोआप करतं. पूर्वी या कामासाठी कुणातरी माहितगाराकडे जावं लागायचं आणि तो "कशाला हवंय?" असं विचारायचा. तो विचारणारा माणूसच मधून गेला. आम्हाला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना लिफ्टमध्ये शिरताना दिसते, असा एक व्हिडिओ देशभर फिरला. त्यातली बाई रश्मिका नव्हतीच. मूळ व्हिडिओ एका ब्रिटिश-भारतीय तरुणीचा होता आणि तिच्या धडावर रश्मिकाचा चेहरा बसवला होता. दिल्ली पोलिसांनी जानेवारी २०२४ मध्ये एकाला अटक केली. बातम्या बहुतेक रश्मिकाच्या आल्या, पण विचारलं दोघींनाही नव्हतं. एकीचा चेहरा चोरला, दुसरीचं शरीर.

खोटेपणा ओळखायचा कसा, हा प्रश्न आम्हाला रोज येतो. मूळ फाइल हाती असेल तर आम्ही दोन्ही डोळ्यांतले उजेडाचे ठिपके पाहतो, ते एकाच बाजूला असायला हवेत. कानातली दोन्हीकडे सारखी आहेत का, केस आणि कपाळाच्या सीमेवर धूसर पट्टा आहे का, चेहऱ्याची त्वचा गुळगुळीत आणि मानेची दाणेदार असं झालंय का, हेही पाहतो. पण व्हॉट्सॲपवरून दोनदा फिरलेल्या फोटोत हे बारकावे उरत नाहीत, कारण पाठवताना फोटो लहान होतो आणि दाबला जातो. तेव्हा नुसत्या डोळ्यांनी पाहून "खरा" किंवा "खोटा" असा दाखला आम्ही कुणाला देत नाही.

गेलेल्या माणसाचा चेहरा

हे काम सगळ्यात जास्त येतं आणि सगळ्यात नाजूकही हेच आहे. मुलाच्या लग्नाच्या फोटोत वारलेले वडील शेजारी उभे दिसावेत, असं आईला वाटतं. त्यात गैर काही नाही. आम्ही असे फोटो आनंदाने करून देतो.

एका घरचे भाऊ वडिलांचा एकमेव फोटो घेऊन आले होते. १९८० च्या दशकातला, कारखान्याच्या गेटवर काढलेला ग्रुप फोटो. त्यात वडिलांचा चेहरा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. स्कॅनर कितीही बारीक लावला, तरी कागदावर जे नाहीच ते त्यातून येत नाही. चेहरा मोठा आणि स्पष्ट करणारं सॉफ्टवेअर चालवलं, तर चित्र सुरेख आलं. पापण्या आल्या, मिशीचे केस न् केस आले. आईंनी स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माणूस चांगला आहे, पण हे आमचे हे नव्हेत." भुवया सरळ झाल्या होत्या आणि डाव्या गालावरचा तीळ गेला होता.

कारण साधं आहे. असं सॉफ्टवेअर हजारो परक्या चेहऱ्यांवरून शिकलेलं असतं. धूसर जागेत काय होतं हे त्याला माहीत नसतं, तिथे साधारण काय असतं ते भरून मोकळं होतं. तो तपशील परत आलेला नसतो, नव्याने रचलेला असतो. घरातल्या नातवंडांनी आजोबांना कधी पाहिलेलंच नसेल, तर त्यांच्या मनात कायमचा तोच परका चेहरा बसतो.

आम्ही ते काम पुन्हा केलं. धूसरपणा राहू दिला, तीळ मूळ फोटोवरून ठेवला, आणि मांडवातला उजेड उजवीकडून होता म्हणून नाकाची सावली तेवढी बदलली. आता असं काम घेताना गेलेल्या व्यक्तीची पत्नी किंवा पती आणि सगळी मुलं, यांचा होकार आम्ही मागतो. त्या व्यक्तीला विचारता येत नाही, म्हणून निदान तिच्या माणसांना विचारायचं. एकाही भावंडाची हरकत असेल तर थांबतो. फोटोतल्या चेहऱ्याला बोलायला लावणारे व्हिडिओ आम्ही करत नाही. आपण कधी न बोललेले शब्द आपल्या तोंडी घातलेले कुणालाच चालणार नाहीत.

आमची चिठ्ठी, खूण आणि तिची मर्यादा

काउंटरवर एक छोटी संमतीची चिठ्ठी असते. त्यात फोटोचा नंबर, नेमका बदल काय, फोटो कुठे वापरणार आणि कुणाकुणाचा होकार आहे, एवढंच लिहायचं. अल्बमसाठी दिलेला होकार इन्स्टाग्रामला किंवा फ्लेक्सला चालत नाही, त्यासाठी दुसरी चिठ्ठी. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांनी स्वतः यायचं. मुलांच्या फोटोत चेहरा किंवा शरीर बदलण्याचं काम मात्र पालकांच्या होकारानेही होणार नाही.

तयार फोटोच्या खालच्या कोपऱ्यात "संयोजित छायाचित्र" असं बारीक अक्षरात छापतो. काही जणांना ते खटकतं, पण ते काढून मिळणार नाही. फाइलच्या आतही, कुठला बदल कुठल्या सॉफ्टवेअरने केला याची नोंद C2PA नावाच्या पद्धतीने ठेवतो. या दोन्हींची मर्यादा सांगायला हवी. कोपरा कापला की छापील खूण जाते, आणि स्क्रीनशॉट काढला की आतली नोंद जाते. म्हणून मूळ आणि बदललेली अशी जोडी ९० दिवस आमच्याकडे राहते. कुणी काही शंका काढली, तर दोन्ही शेजारी ठेवून दाखवता येतात. त्यानंतर दोन्ही पुसतो. जास्त दिवस ठेवायची असेल तर चिठ्ठीवर तसं लिहा. तुमचे फोटो आम्ही फुकटच्या ॲपवर चढवत नाही, कारण चढवलेला चेहरा तिथून परत घेता येईल याची खात्री देता येत नाही.

तुमच्याच चेहऱ्याचा खोटा फोटो फिरत असेल तर

घाबरून तो लगेच पुसू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या. त्यात लिंक, पाठवणाऱ्याचं खातं किंवा नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. मग त्या ॲपवरच तक्रार करा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी नग्न, लैंगिक किंवा मॉर्फ केलेल्या फोटोची तक्रार आल्यावर तो हटवायला कंपन्यांना २४ तासांची मुदत घालून दिली होती, २०२६ मध्ये ती आणखी कमी झाली, म्हणून तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. सरकारी तक्रार cybercrime.gov.in वर करता येते. पैसे गेले असतील तर १९३० वर ताबडतोब फोन करा. पोलिसांत जायचं तर हद्दीची अडचण नाही, जवळच्या कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते.

फोटो खाजगी स्वरूपाचा असेल तर StopNCII.org चा उपयोग होतो. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. तुमच्याच मोबाइलवर त्या फोटोचा आकड्यांचा एक ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो. तोच फोटो तिथे कुणी चढवला तर ठशावरून तो पकडता येतो. ही सोय अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे. लहान मुलांसाठी अमेरिकेतली NCMEC ही संस्था Take It Down नावाची तशीच सेवा चालवते.

पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते. आणि "बघ, किती वाईट केलंय" म्हणून तो फोटो नातेवाइकांनाही पुढे पाठवू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ मध्ये अश्लील मजकूर प्रसिद्ध करणं आणि पुढे पाठवणं, दोन्ही गुन्हेच आहेत.

मूळ फोटो आमच्याकडे काढलेला असेल, तर पावती घेऊन या. ९० दिवसांच्या आत असेल तर मूळ फाइल, ती काढल्याची तारीख आणि कॅमेऱ्याची नोंद आम्ही तुम्हाला पेनड्राइव्हवर लगेच देऊ. त्याचे पैसे घेत नाही. पोलिसांकडे जाताना ती सोबत ठेवा.