बाटलीच्या कडा कुठे गेल्या?

पॉलिश केलेल्या स्टीलच्या बाटलीचा व्हिडिओ काढायला बसलं की पहिल्या दहा मिनिटांतच लक्षात येतं, की कॅमेऱ्यापुढे बाटली कमी आणि आपली खोली जास्त आहे. पहिल्यांदा मी असं शूटिंग केलं तेव्हा बाटलीच्या मधोमध एक निळी उभी पट्टी दिसत होती. कापडाने पुसली, पाण्याने धुतली, तरी जाईना. ती माझ्या शर्टाची होती.

कापड, लाकूड, कागद यांवर पडलेला प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून त्या वस्तू कुठूनही पाहिल्या तरी साधारण सारख्याच दिसतात. पॉलिश केलेला धातू तसं करत नाही. प्रकाश ज्या कोनात आला त्याच कोनात तो पलीकडे परततो. त्यामुळे स्टीलचा प्रत्येक ठिपका कॅमेऱ्याला खोलीतली एक ठरावीक जागा दाखवत असतो. ती जागा पांढरी असेल तर ठिपका पांढरा, काळी असेल तर काळा. स्टीलवर प्रकाश टाकून स्टील उजळत नाही. स्टीलला जे दिसतं ते उजळावं लागतं.

सपाट आरसा खोलीचा एक तुकडाच दाखवतो. गोल बाटली मात्र जवळजवळ सगळी खोली पोटात घेते. कॅमेऱ्यासमोरच्या मधल्या रेषेवर तिला थेट कॅमेरा दिसतो. तिथून बाजूला सरकत जावं तसा पृष्ठभाग वळतो आणि परावर्तित दिशा त्याच्या दुप्पट वळते. पृष्ठभाग ४५ अंश वळला की बाटली काटकोनात, म्हणजे डावी-उजवीकडच्या भिंतीकडे पाहते. हे घडतं मध्यापासून त्रिज्येच्या साधारण ७० टक्के अंतरावर. उरलेला कडेचा ३० टक्के भाग बाटलीच्या मागे पाहत असतो. म्हणजे समोरून शूट करताना दिसणाऱ्या कडांमध्ये जे असतं, ते आपण मागे लावलेल्या पडद्याचं प्रतिबिंब असतं.

पांढऱ्या पार्श्वभूमीची सगळी गंमत इथे आहे. बाटली ७ सेंमी जाडीची, मोबाइल तिच्यापासून एक मीटरवर आणि मागे एक मीटर अंतरावर दोन मीटर रुंदीची पांढरी चादर, अशी मांडणी समजा. भूमितीने हिशेब केला तर बाटलीच्या दोन्ही कडांना जवळपास पावणेतीन मिलिमीटरची पांढरीशुभ्र पट्टी येते. तिच्या लगेच पलीकडे पार्श्वभूमीही पांढरीशुभ्र. दोघांमधली सीमा दिसणार कशी? बाटली कडांना विरघळल्यासारखी दिसते आणि खऱ्या जाडीपेक्षा बारीक वाटते. मग माणूस आणखी दिवे आणतो, चादर आणखी उजळते आणि कडा आणखी पुसल्या जातात.

उपाय उलटा आहे: पांढरा पडदा लहान करायचा. उभ्या व्हिडिओत ही २६ सेंमी उंच बाटली फ्रेमच्या साधारण ६० टक्के उंचीची दिसत असेल, तर मागच्या मीटरभर अंतरावर फ्रेममध्ये जेमतेम ४८ सेंमी रुंदीच येते. तेव्हा ५० सेंमी रुंदीचा कागदाचा रोल पुरतो. तो मागे उंचावर अडकवायचा आणि घडी न पडू देता हलक्या वळणाने टेबलावर पुढे आणायचा, म्हणजे टेबल आणि भिंत यांच्या जोडाची रेघ दिसत नाही. आता कडेची पांढरी पट्टी पाव मिलिमीटरवर येते आणि डोळ्यांना ती दिसतही नाही. तिच्या आतल्या बाजूला बाटलीला कागदाच्या पलीकडचा अंधार दिसतो, आणि त्या अंधाराची सडपातळ काळी रेघ बाटलीचा आकार कोरून काढते. अंधार पुरेसा नसेल तर बाटलीच्या दोन्ही बाजूंना, थोडे मागे आणि फ्रेमच्या जरा बाहेर, काळे कार्डशीट उभे करायचे. ते पुढे सरकवत नेले की रेघ जाड होते. मोबाइलच्या पडद्यावर पाहत इंच-इंच सरकवत बसावं; पूर्ण कामातला सगळ्यात आनंदाचा भाग माझ्या मते हाच.

आता बाटलीचा पुढचा भाग. इथे दिवा थेट लावला तर त्याचं प्रतिबिंब एक पांढरी बारीक रेघ म्हणून उमटतं आणि बाकीचं स्टील काळपट राहतं. कारण वर सांगितलं तेच: बाटलीला दिवा एवढासाच दिसतो. म्हणून दिव्याला मोठं करायचं. बाटलीच्या एका बाजूला, शक्य तितका जवळ, बाटलीच्या दुप्पट उंचीचा ट्रेसिंग पेपर ताणून उभा करा आणि दिवा त्याच्या मागे ३० ते ४० सेंमीवर ठेवा. बाटलीला आता दिवा न दिसता उजळलेला कागद दिसतो. दिवा कागदाच्या एका कडेकडे सरकवला की कागदावर प्रकाश तिथे जास्त आणि पलीकडे कमी होत जातो, आणि हाच उतार स्टीलवर येऊन बाटलीला गोलाई देतो. दुसऱ्या बाजूला साधं पांढरं थर्माकोल पुरतं. दोन्हीकडे अगदी सारखे उजळलेले कागद लावले तर बाटली सपाट, पत्र्यातून कापल्यासारखी दिसते.

उरला तो शर्ट. एक मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचं प्रतिबिंब या बाटलीवर सुमारे ८ मिलिमीटर रुंद पडतं. सुट्या मोबाइलचं मात्र सव्वा मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे मोबाइल स्टँडवर लावून, टायमर सुरू करून स्वतः बाजूला झालं की बहुतेक काम होतं. अजून स्वच्छ हवं असेल तर राखाडी कागदाला लेन्सपुरतं भोक पाडून तो मोबाइलपुढे धरावा. इथे अनेकांना पोलरायझर फिल्टर आठवतो. काच, प्लास्टिक, वॉर्निश यांच्यावर तिरप्या कोनातून येणारी चमक तो छान कापतो. काचेवर साधारण ५६ अंशांच्या कोनात तर जवळजवळ पूर्ण. कारण अशा पृष्ठभागावरून परतलेल्या प्रकाशाची कंपनं एकाच दिशेत आलेली असतात. उघड्या धातूवरून परतणाऱ्या प्रकाशात तसं फारसं होत नाही. स्टीलसाठी तो फिल्टर विकत घेऊ नका.

व्हिडिओत आणखी एक गोष्ट फसवते. फिरत्या चकतीवर ठेवून वस्तू फिरवायची पद्धत आहे, पण गोल बाटली फिरली तरी तिच्यावरचं प्रतिबिंब जागेवरच राहतं. फक्त लोगो सरकतो, आणि सोबत बोटांचे ठसेही. वस्तू चकचकीत आहे हे डोळ्यांना कळतं ते तिच्यावरून चमक सरकताना पाहून. म्हणून बाटली स्थिर ठेवायची आणि कागदामागचा दिवा चार-पाच सेकंदांत हळूच एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे न्यायचा. किटली, डबा, घड्याळ अशा कोन किंवा दांडी असलेल्या वस्तूंना मात्र चकती शोभते.

पांढरी पार्श्वभूमी राखाडी का येते, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकू येतो. मोबाइलला फ्रेममधला कागद पांढरा आहे हे ठाऊक नसतं. चित्राचा सरासरी उजेड मध्यम ठेवायचा एवढंच तो पाहतो, आणि फ्रेमभर पांढरा कागद असला की सगळंच अंधारवतो. पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, मग सूर्याचं चिन्ह वर सरकवत कागद जेमतेम पांढरा होईल तिथे थांबा. त्याच्या पुढे नेलं तर जास्तीचा उजेड लेन्समध्ये पसरून काळ्या रेघाही फिकट करतो. लॉक विसरलात तर बाटली उचलायला हात फ्रेममध्ये येताच सगळं चित्र उजळतं आणि पुन्हा मंदावतं. कागद तरीही राखाडी राहिला तर त्याच्यासाठी वेगळा दिवा लागतो, आणि तो बाटलीवरच्या उजेडाच्या दुप्पटीएवढा पुरतो. खात्री करायची असेल तर तयार क्लिप पूर्ण पांढऱ्या पानावर ठेवून पाहा. चौकट दिसली तर कागद राखाडी आहे. बाटलीची कड शोधावी लागली तर मागचं पांढरं जास्त झालंय.

चित्रात आडवे काळे पट्टे हलताना दिसले तर ते स्वस्त एलईडीच्या लुकलुकण्याचे. वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झची असेल तर १/६० किंवा १/१२० ठेवलं की ते बहुधा जातात.

राहिला आकार. पांढऱ्या पोकळीत तरंगणारी बाटली पाऊण लिटरची की पाव लिटरची, हे सांगायला तिथे काहीच नसतं. म्हणून लोक शेजारी पट्टी ठेवतात, आणि तीच कधी कधी खोटं बोलते. आपली बाटली २६ सेंमी उंच आहे. पट्टी तिच्या पुढच्या पृष्ठभागाला टेकवली तर ती बाटलीच्या मध्यापेक्षा साडेतीन सेंमी कॅमेऱ्याच्या जवळ येते. मोबाइल ५० सेंमीवर असेल तर पट्टी तेवढ्यानेच साडेसात टक्के मोठी दिसते, आणि तिच्यावर बाटलीची उंची भरते २४.२ सेंमी. हाच मोबाइल मागे, बाटलीपासून दीड मीटरवर नेऊन झूम केला तर २५.४ सेंमी. पट्टी बाटलीच्या बाजूला, तिच्या मध्याच्या रेषेत उभी केली की फरक जवळजवळ मिटतो.

हातात धरून दाखवतानाही हेच. चेहरा ७० सेंमीवर आणि पुढे केलेली बाटली ४० सेंमीवर असेल तर चेहऱ्याच्या तुलनेत ती पावणेदोन पट मोठी दिसते. तोच माणूस कॅमेऱ्यापासून १८० सेंमीवर आणि बाटली दीड मीटरवर असेल तर १.२ पट. बाटली छातीशी धरली तर तेवढाही फरक राहत नाही. फोन बदलायची गरज नाही, फक्त मागे जायचं. लहान वस्तूंसाठी, जसे कानातले किंवा किल्लीची साखळी, बँक कार्डाच्या मापाचं कोरं कार्ड उत्तम. त्याचं माप जगभर ८५.६ × ५४ मिलिमीटर ठरलेलं आहे आणि ते प्रत्येकाच्या पाकिटात असतं. (कोरंच ठेवा, खऱ्या कार्डाचा नंबर दाखवणारे व्हिडिओ मी पाहिलेत.) नाण्यांची मापं देशागणिक बदलतात आणि हात माणसागणिक.

बाटलीच्या बाबतीत आणखी एक माप उरतं, ते बाहेरून दिसतच नाही. ७ सेंमी जाडी आणि २६ सेंमी उंची यांचा हिशेब एक लिटरचा होतो. पण दुहेरी भिंत, मधली पोकळी, गळ्याची निमुळती जागा आणि झाकण एवढं वजा जाऊन आत ७५० मिलिलिटर मावलं तरी बरंच म्हणायचं. बाहेरून मोजून घेणारा ग्राहक म्हणूनच चिडतो. यासाठी मी एकच शॉट घेतो, मध्ये कुठेही न कापता: काठोकाठ भरलेली बाटली, शेजारी खुणा असलेलं पारदर्शक मापपात्र. कॅमेरा पाण्याच्या पातळीच्या उंचीवर, कारण वरून पाहिलं की पातळी एक-दोन खुणा वर वाचली जाते. मग बाटली सावकाश रिकामी करायची, शेवटचे थेंब पडेपर्यंत, आणि पाणी स्थिर झाल्यावर आणखी दोन सेकंद रेकॉर्डिंग चालू ठेवायचं.