बादलीमागे पाच रुपये

मे महिन्यात नागपुरातल्या कूलरची टाकी दिवसातून दोनदा तरी भरावी लागते. मागच्या उन्हाळ्यात सुट्टीत आलेल्या माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याने हे काम आपणहून उचललं. ओल्या खसचा वास सुटला की तो कूलरसमोर तोंड धरून उभा राहायचा. मी कौतुकाने बादलीमागे पाच रुपये सुरू केले. पंधरा दिवसांनी एकदा सुट्टे नव्हते. भाचा म्हणाला, "मग आज तूच भर ना, मामा."

पोरगं लोभी झालं, असं ताईचं निदान. पण चूक माझी होती, आणि ती 1973 सालीच प्रयोगात पकडली गेली होती. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायला आवडणारी तीन ते पाच वर्षांची मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि रिबिनीचं प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच बक्षीस न सांगता, शेवटी अचानक दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी रंगीत पेनं पुन्हा टेबलावर ठेवली, या वेळी बक्षिसाची बातच नाही. आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र कमी झाली नव्हती.

म्हणजे गोडी बक्षिसाने जात नाही, सौद्याने जाते. आपण एखादी गोष्ट का करतो, हे आपल्याला आतून थेट दिसतंच असं नाही. आपणही आपल्या वागण्याकडे बघून कारण ताडतो. पैसे नव्हते तेव्हा भाच्याच्या मनात कारण एकच होतं, 'मला हे आवडतं'. पाच रुपये आले आणि त्याहून ठसठशीत कारण हाताशी लागलं, मग जुनं फिकं पडलं. पैसे बंद झाले तरी ते लगेच परतत नाही. याला एक मर्यादा आहे: मुळातच नावडत्या कामात मोडायला गोडीच नसते, तिथे हा तोटा दिसत नाही.

मदतीची हौस दीड वर्षाच्या बाळातही असते. वार्नेकेन आणि टोमासेलो यांच्या 2006 सालच्या प्रयोगात कपडे वाळत घालणाऱ्या माणसाचा चिमटा खाली पडायचा आणि तो हात लांबवून धडपडायचा. अशा वेगवेगळ्या प्रसंगांत अठरा महिन्यांच्या 24 पैकी 22 मुलांनी निदान एकदा तरी मदत केली, कुणी शाबासकी न देता. 2008 साली त्यांनी वीस महिन्यांच्या मुलांना मदतीबद्दल खेळातला ठोकळा दिला. तो बंद होताच त्यांची मदत घटली. नुसतं कौतुक झालेल्यांची घटली नाही.

तेव्हा दोन वर्षांच्या पोराला चिमटे देऊ द्या, सांबार म्हणजे कोथिंबीर निवडताना शेजारी बसवा. निम्मी पानं जमिनीवर जातील, जाऊ द्या. लहान मूल झाडू घेतं तेव्हा पाहुणे येतात म्हणे. येत नाहीत, फक्त झाडू शिकायची वेळ आलेली असते.

कूलरचंच घ्या. चार वर्षांचं मूल मगाने पाणी घालतं. सात-आठ वर्षांच्याला अर्धी बादली द्या; पाच लिटर म्हणजे पाच किलो, त्याहून जास्त नको. दहा-अकराव्या वर्षी पाइप लावून टाकी भरताना लक्ष ठेवता येतं. हे सगळं प्लग काढल्यावरच, आणि प्लग मोठ्यांनी काढायचा. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाकडे भरणं नाही, रविवारची धुलाई द्यावी.

आता कटकट. "टाकी भरलीस का?" असं रोज विचारलं की आठवण ठेवायचं काम आपल्याकडे येतं आणि मूल आपल्या हाकेची वाट बघत बसतं. आठवण कामाच्या जागेलाच बांधावी. यंदा आमचं ठरलंय: संध्याकाळी खेळून आल्यावर, कूलर लावायच्या आधी, टाकीत काठी बुडवायची. खुणेखाली पाणी असेल तर भरायचं. राहिलं, तर थोड्या वेळात पंप कोरडा खरखरतो आणि गरम हवा येते. तेव्हा मी गप्प बसतो, भाचाच उठून प्लग काढायला मला बोलावतो. पहिल्या आठवड्यात तीनदा खरखरला. पैशांचा विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही.

रविवारी पंधरा वर्षांची भाची टाकी रिकामी करून घासते. डेंग्यूचा डास पाण्याच्या वरच्या ओल्या कडेला अंडी चिकटवतो आणि ती कोरड्यात काही महिनेही तग धरतात, त्यामुळे नुसतं पाणी बदलून भागत नाही. परवा तिने नख लावून कडेवरचे मोहरीहून बारीक काळे ठिपके दाखवले, आणि ब्रश मागितला, जरा कडक केसांचा.