बोर्डिंग बुक करताना लसीची कोणती तारीख भरायची?

मे महिन्यात, गणपतीत आणि दिवाळीत आमच्या दवाखान्याच्या दारात सकाळी ठरावीक प्रसंग घडतो. गाडीत बॅगा भरलेल्या, घरची मंडळी मालवणला किंवा गोव्याला निघालेली, कुत्रा पट्टा ओढतोय, वेबसाइटवर बुकिंगही पक्के आहे. पण कार्ड पाहिल्यावर आम्हाला 'ठेवून घेता येणार नाही' म्हणावे लागते. यातल्या बऱ्याच वेळा लस चुकण्याचे मूळ कारण एकच निघते. वेबसाइटवर लसीची तारीख चुकीची भरलेली असते.

कार्डावर लसीच्या एका ओळीत तीन-चार तारखा असतात. बाटलीवरून काढून चिकटवलेल्या स्टिकरवर बॅच नंबर, लस तयार झाल्याची तारीख आणि तिची मुदत असते. शेजारी डॉक्टरांनी हाताने लिहिलेली, सहीजवळची तारीख असते. शेवटच्या रकान्यात पुढच्या लसीची तारीख. आम्हाला हवी ती सहीजवळची, म्हणजे लस दिली त्या दिवसाची. पुढची तारीख आमची यंत्रणा स्वतः काढते आणि त्याच्या 21 दिवस आधी तुम्हाला पहिला संदेश पाठवते.

लोक मात्र शेवटच्या रकान्यातली तारीख भरतात, कारण डोळ्यांपुढे तीच ठळक असते. ती तारीख अजून यायची असेल तर वेबसाइट ती घेत नाही, लाल अक्षरात चूक दाखवते. खरी अडचण ती तारीख उलटून गेलेली असते तेव्हा होते.

एक उदाहरण घेऊ. शहापूरच्या एका घरातला मोती. त्याला लस दिली 12/10/2024 ला आणि पुढची तारीख होती 12/10/2025. ती राहून गेली. डिसेंबर 2025 मध्ये घरच्यांनी मोतीची नोंदणी केली आणि 'लस दिल्याची तारीख' म्हणून 12/10/2025 लिहिले. ही तारीख मागे गेलेली असल्याने यंत्रणेला शंका यायचे कारणच नव्हते. तिने मोतीची लस 12/10/2026 पर्यंत चालू धरली आणि पहिल्या आठवणीसाठी 21/9/2026 हा दिवस ठरवला. म्हणून मे महिन्यातले बुकिंग बिनतक्रार झाले. 9 मे 2026 ला मोती दारात आला तेव्हा कार्डावरचे शेवटचे स्टिकर जवळजवळ 19 महिन्यांपूर्वीचे होते.

'मग आत्ता टोचा आणि ठेवून घ्या' असे लगेच सुचवले जाते. ते का जमत नाही, ते सांगतो. लस टोचल्याबरोबर संरक्षण मिळत नाही; शरीराला ते तयार करायला साधारण दोन आठवडे लागतात. शिवाय लसीनंतर एखादा दिवस कुत्रा मलूल होतो, अंग तापते. घरी ते चालून जाते. पण नव्या जागी आलेला कुत्रा जेवेनासा झाला तर ते लसीमुळे, घरच्यांच्या आठवणीने की आजाराची सुरुवात म्हणून, हे ओळखणे अवघड होते. त्यातून पार्व्होची लागण झाल्यावर लक्षणे दिसायला बहुधा तीन ते सात दिवस जातात. आत येताना ठणठणीत दिसणारा कुत्राही रोग घेऊन आलेला असू शकतो. म्हणून शेवटच्या डोसनंतर 14 दिवस, हा आमचा नियम आहे. ओळखीच्या माणसांनाही तोच लागू आहे, यावर रुसवे-फुगवे झाले तरी.

मोतीच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. लेप्टोस्पायरोसिसच्या लसीचे संरक्षण वर्षभराचेच धरतात आणि इतका मोठा खंड पडला की तिचे दोन डोस पुन्हा सुरुवातीपासून द्यावे लागतात. आमच्याकडे ते 21 दिवसांच्या अंतराने देतात. 9 मे ला मुक्कामाला यायचे असते, तर पहिला डोस 4 एप्रिलला, दुसरा 25 एप्रिलला आणि त्यापुढे 14 दिवस, असे गणित बसले असते. म्हणजे कार्ड पाच आठवडे आधी उघडून बघायला हवे होते.

इंटरनेटवर वाचून काही जण विचारतात, 'मोठ्या कुत्र्याला डिस्टेंपर-पार्व्होची लस तीन वर्षांतून एकदा पुरते ना?' त्या दोन रोगांपुरते ते बरोबर आहे. लेप्टोचे तसे नाही. तो उंदीर-घुशींच्या लघवीतून पसरतो, साचलेल्या पाण्यातून अंगात शिरतो आणि माणसालाही होतो. बेळगाव-खानापूरचा पावसाळा ज्याने पाहिलाय त्याला साचलेले पाणी वेगळे समजावून सांगायला नको. म्हणून बोर्डिंगसाठी लेप्टोचा वार्षिक डोस आम्ही सोडत नाही. रेबीजची लस बाटलीवरच्या सूचनेनुसार, आणि तिची नोंद वेगळ्या ओळीत.

पिल्लांचे मुख्य डोस 16 आठवड्यांच्या वयापर्यंत चालतात. त्यामुळे साडेचार महिन्यांच्या आतले पिल्लू आम्ही मुक्कामाला घेत नाही.

तारखेबरोबर कार्डाचा फोटो जोडा. पुढचे पान, ज्यावर कुत्र्याचे नाव आणि छायाचित्र असते, ते नको. स्टिकर, तारीख आणि सही एका चौकटीत दिसतील असे आतले पान हवे. चिकोडी-निपाणीकडच्या सरकारी दवाखान्याचे कार्ड कन्नडमध्ये असले तरी चालते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो नोंदीला आपोआप जोडला जात नाही, तो वेबसाइटवरच चढवा. आणि कृपा करून आधार कार्ड जोडू नका. आम्ही ते मागत नाही. आले तर पुसून टाकतो.

मोबाइल नंबर एका जनावराला एकच द्या, आणि तोही जो रोज सकाळी त्याला फिरवतो त्याचा. वडिलांच्या नंबरवर एक नोंद आणि पुण्यातल्या मुलाच्या नंबरवर दुसरी झाली, की लस एकीत चढते आणि आठवण दुसरीतून जाते.

तुमच्या नोंदींबद्दल थोडे. बोर्डिंगच्या बुकिंगमध्ये घराचा पत्ता आणि बाहेरगावी असण्याच्या तारखा एकत्र असतात. म्हणजेच घराला कुलूप कधी आहे, हे त्या कागदावर लिहिलेले असते. त्यामुळे पिंजऱ्यावरच्या पाटीवर फक्त जनावराचे नाव आणि नोंद क्रमांक असतो. आडनाव, गल्ली, परतीची तारीख नसते. रोजचा फोटो नोंदवलेल्या एकाच नंबरवर जातो, ग्रुपवर किंवा स्टेटसला नाही. 'शेजाऱ्यांचा टॉमी तुमच्याकडेच आहे ना?' या प्रश्नाला आम्ही उत्तर देत नाही, ते उद्धटपणाचे वाटले तरी. दुसऱ्या डॉक्टरांकडे नोंद पाठवायची असेल तर नोंदवलेल्या नंबरवरून सांगा. पत्ता, नंबर दुरुस्त करायचा किंवा काढून टाकायचा असेल तरी तेच. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दुरुस्तीच्या आणि काढून टाकण्याच्या हक्काची तरतूद आहेच.

तारखा भरायचा कंटाळा असेल, किंवा कार्डावरचे अक्षर लागत नसेल, तर कार्ड घेऊन काउंटरवर या. पहिली नोंद आम्ही विनाशुल्क भरून देतो, साधारण दहा मिनिटे लागतात. कार्डात खंड सापडला तर डोसांचे वेळापत्रक तिथेच आखून देतो आणि त्यानंतरच्या तारखेला जागा धरून ठेवतो. गणपतीच्या मुक्कामासाठी हे काम जुलैअखेर उरकावे. फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांसाठीच्या आतल्या बाजूच्या खोल्या सर्वांत आधी भरतात.