खरेदी रजिस्टर आणि २बी जुळवताना: लोहार चाळीतल्या एका दुकानाचा मे महिना

जीएसटी पोर्टलवर दर महिन्याच्या १४ तारखेला मागच्या महिन्याचं जीएसटीआर-२बी तयार होतं. पुरवठादारांनी आपल्या नावावर कोणती बिलं दाखवली, ते यात दिसतं. १ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की जे बिल इथे नाही, त्याचं इनपुट क्रेडिट घेता येत नाही. पण उलट बाजूही आहे, आणि ती बरेच जण विसरतात: इथे दिसलं म्हणून क्रेडिट मिळतंच असं नाही. माल हातात आलेला हवा, मूळ बिल हवं, आणि कायद्याने ते क्रेडिट अडवलेलं नसावं. स्टाफच्या पार्टीचं केटरिंग २बीत दिसेल, पण सहसा ते घेता येत नाही.

महिन्याचा कर भरायचं रिटर्न म्हणजे जीएसटीआर-३बी; ते भरायची मुदत साधारण २० तारखेची, म्हणजे मधे जेमतेम सहा दिवस. एवढ्यात जुळवणी उरकायची तर खरेदी रजिस्टर, २बीची एक्सेल, बिलांची फाइल आणि माल आल्याची चलनं आधीच टेबलावर हवीत.

लोहार चाळीतल्या एका विजेच्या सामानाच्या दुकानाचा मे २०२५ चा हिशेब घेऊ. रजिस्टरप्रमाणे क्रेडिट १,८०,९०० रुपये, २बीत १,७१,०००. शेठ म्हणाले, "नऊ हजार नऊशेचाच फरक आहे ना? २बीचा आकडा टाका आणि मोकळे व्हा." तसं केलं असतं तर रिटर्न चुकलं असतं.

मी एकेक बिल शोधत बसत नाही. आधी जीएसटीआयएननुसार बेरजा घेतो. पुरवठादारांच्या यादीसमोर, २बीच्या शीटमधून:

```
=SUMIFS('2B'!F:F,'2B'!A:A,A2)
```

इथे A मध्ये जीएसटीआयएन, F मध्ये तिन्ही करांची बेरीज. रजिस्टरची बेरीज शेजारी ठेवली की ज्यांचे आकडे जुळत नाहीत तेवढेच पुरवठादार उरतात. बिल क्रमांकावरून थेट जुळवायला गेलात तर आपल्याकडचं 'LC/0312' आणि त्यांनी टाकलेलं '312' उगाच फरक म्हणून वर येतं. कर आयजीएसटीत आहे की सीजीएसटी-एसजीएसटीत, तेवढं मात्र नजरेखालून घालायचं; चुकलेला रकाना बेरजेत लपतो.

या दुकानात तीन नावं उरली.

पहिलं भिवंडीच्या केबलवाल्याचं. ८०,००० चा माल, कर १४,४००, २बीत पत्ता नाही. फोन केला, "भाऊ, मेचं आयएफएफ टाकलंत का?" उत्तर आलं, "आमचं तीन महिन्यांनी एकदम असतं." तिमाही रिटर्नवाले पहिल्या दोन महिन्यांची बिलं आयएफएफमधून १३ तारखेपर्यंत देऊ शकतात, पण ते ऐच्छिक आहे. त्यांनी एप्रिल-जूनचं जीएसटीआर-१ १३ जुलैपर्यंत भरलं की हे बिल जूनच्या २बीत येणार. क्रेडिट बुडालं नाही, पुढे गेलं.

दुसरं वसईचं. तिथला ४,५०० चा कर रजिस्टरमध्ये दोनदा पडला होता: एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या बिलावरून, एकदा कागदावरून. एक नोंद काढली.

तिसरं राजकोटचं, आणि खरी मेख तिथे. ३० मेचं बिल, आयजीएसटी ९,०००, २बीत हजर. पण माल दुकानात उतरला ३ जूनला. म्हणून रजिस्टरमध्ये नोंद नव्हती, आणि मेमध्ये क्रेडिटही नाही.

आता मोजा: १४,४०० अधिक ४,५०० वजा ९,००० म्हणजे ९,९००. फरक लहान दिसला, कारण चुका एकमेकींना खात होत्या. मेमध्ये घेण्याजोगं क्रेडिट १,६२,०००. ना रजिस्टरचा आकडा, ना २बीचा.

३बीत हे असं बसतं: `4(A)(5)` मध्ये १,७१,०००, `4(B)(2)` मध्ये ९,००० उलटवायचे. जूनच्या ३बीत तेच ९,००० `4(A)(5)` मध्ये घ्यायचे आणि `4(D)(1)` मध्येही दाखवायचे. दुसरी वाट आयएमएसची, म्हणजे पुरवठादारांची बिलं स्वीकारायची किंवा थांबवून ठेवायची पोर्टलवरची सोय, जी ऑक्टोबर २०२४ पासून आहे. तिथे राजकोटचं बिल `Pending` ठेवलं की ते २बीतच येत नाही. १४ तारखेनंतर हे केलंत तर ३बीआधी `COMPUTE GSTR-2B` दाबायला विसरू नका, नाहीतर जुनाच आकडा राहतो. काहीच केलं नाही तर बिल स्वीकारलं असं धरलं जातं.

भिवंडीसारखी बिलं मी वेगळ्या शीटवर ठेवतो आणि दर महिन्याला नव्या २बीशी लावून बघतो. २०२५-२६ च्या बिलांसाठी शेवटची तारीख ३० नोव्हेंबर २०२६ आहे, किंवा वार्षिक रिटर्न त्याआधी भरलंत तर ती तारीख. त्याच शीटवर पैसे दिल्याची तारीखही लिहितो, कारण बिलापासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे गेले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं.