मरीन ड्राइव्हचा उलटा हार: यूव्ही फिल्टर आणि रात्रीची भुतं

मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कातून रात्री मरीन ड्राइव्हचा फोटो काढला, की कधीकधी एक गंमत दिसते. खाली दिव्यांचा हार झळकत असतो आणि वर काळ्या आभाळात त्याच हाराची फिकट, हिरवट नक्कल उलटी टांगलेली असते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं लेन्स बिघडली. लेन्स ठीक असते. दोष बहुतेक वेळा तिच्यावर चढवलेल्या चपट्या काचेचा, म्हणजे यूव्ही फिल्टरचा असतो. ही काच तिथे आली कशी, हे पाहिलं की ती कधी काढायची ते आपोआप कळतं.

फिल्मवरचे चांदीचे क्षार मुळातच निळ्या आणि अतिनील प्रकाशाला हळवे. रंगीत फिल्ममध्ये हा अतिनील प्रकाश निळ्या थरात नोंदला जाई आणि डोळ्याला न दिसणारी निळी झाक फोटोत उतरे. वातावरण कमी तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतं, त्यामुळे डोंगरमाथ्यावर, समुद्रकाठी आणि दूरच्या दृश्यांत ही झाक अधिक. 1936 साली फोटोंसाठीची कोडॅक्रोम बाजारात आली आणि रंगीत फोटो हौशी माणसांच्या हाती आले, तेव्हा ही अडचण घरोघर पोचली. उपाय तयारच होता. क्रॉयडनच्या रॅटन अँड वेनराइट या कंपनीचे फिल्टर 1912 मध्ये कंपनीसकट कोडॅककडे आले होते. अतिनील अडवणारे फिल्टर आणि किंचित गुलाबी छटेचा ‘स्कायलाइट 1ए’ हे दूरच्या दृश्यांसाठी नेहमीचे झाले.

म्हणजे यूव्ही फिल्टर हे फिल्मचं औषध होतं. डिजिटल सेन्सरवर अतिनील आणि अवरक्त प्रकाश अडवणारी काच कारखान्यातच बसवलेली असते, शिवाय लेन्सची काचही बराचसा अतिनील प्रकाश गिळते. दुखणं गेलं, औषध मात्र राहिलं. आता त्याचं काम लेन्सला ओरखड्यांपासून वाचवण्याचं, असं सांगितलं जाऊ लागलं. नवी लेन्स घेतली की दुकानदार फिल्टर पुढे सरकवतोच. मीही पहिल्या लेन्सवर मुकाट्याने चढवला होता आणि दोन वर्षं तो काढला नव्हता.

या काळात कॅमेऱ्याच्या आत एक बदल झाला. फिल्मचा थर फारसा चकचकीत नसतो. त्यावर पडलेला प्रकाश परतला तरी चहूकडे विखुरतो. सेन्सरची वरची काच सपाट आणि चकचकीत, जवळजवळ आरशासारखी. 2003 च्या कॅननच्या 300डीसारख्या परवडणाऱ्या कॅमेऱ्यांनी सेन्सर हौशी फोटोग्राफरांपर्यंत आणला, तेव्हा फिल्टरच्या सपाट काचेला आतून जोडीदार मिळाला.

या जोडीचं काम असं चालतं. दूरच्या दिव्याचे किरण लेन्समधून जाऊन सेन्सरवर एका बिंदूत एकवटतात. त्यातला थोडा प्रकाश परत फिरतो, लेन्समधून उलट दिशेने बाहेर पडतो आणि पुन्हा समांतर होतो. समोर सपाट फिल्टर असेल तर तो त्यातला थोडा आत परतवतो. हे किरण समांतरच असल्याने लेन्स त्यांना पुन्हा नेमकं एकवटते, पण चित्राच्या मध्यबिंदूपलीकडे, बरोबर समोरच्या जागी. म्हणून ही नक्कल, म्हणजेच भूत, ठसठशीत आणि उलटी. लेन्सच्या आतल्या वक्र काचांमधून होणारी परावर्तनं पसरट डाग किंवा छिद्राच्या आकाराचे ठिपके देतात. एकटा फिल्टर याला जबाबदार नसतो. त्याच्या दोन समांतर पृष्ठभागांमधलं परावर्तन मूळ प्रतिमेवरच पडतं आणि दिसत नाही.

हिशेब मांडून पाहू. फोटो 6000 × 4000 पिक्सेलचा आहे आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजताना एक दिवा (1500, 2800) वर आहे. मध्यबिंदू (3000, 2000). मग भूत (4500, 1200) वर, म्हणजे आभाळात. आता त्याचा उजेड. साध्या काचेचा एक पृष्ठभाग सुमारे 4 टक्के प्रकाश परतवतो, दोन मिळून 8. सेन्सर 5 टक्के परतवतो असं नुसतं धरून चालू. गुणाकार 0.4 टक्के, म्हणजे दिव्याच्या अडीचशेव्या हिश्शाइतकं भूत. दिवसा ते दृश्याच्या उजेडात बुडतं. रात्री दिवा काळ्या आभाळापेक्षा हजारो पट उजळ असतो आणि ट्रायपॉडवर सेकंदभर उघडं ठेवलेलं शटर ते सगळं गोळा करतं.

महाग फिल्टर घेतला तर? परावर्तन कमी करणारा पातळ लेप झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी 1935 मध्ये काढला आणि सत्तरीच्या दशकात अनेक थरांचे लेप आले. चांगल्या लेपाने प्रत्येक पृष्ठभागाचं परावर्तन 0.5 टक्क्यांवर आलं असं मानू. वरच्याच हिशेबाने भूत दोन हजाराव्या हिश्शावर येतं. खूप फिकट, पण उघड्या दिव्यासमोर नाहीसं नव्हे. उरलेलं परावर्तन अनेकदा हिरवट असतं, त्या हाराचा हिरवेपणा त्यातलाच. मोठ्या टेलिफोटो लेन्सच्या पुढची संरक्षक काच काही कंपन्यांनी सपाटऐवजी वक्र केली ती याच कारणाने.

शंका असेल तर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून त्याच एक्स्पोजरने दोन फोटो काढावेत, एक फिल्टरसह आणि एक काढून. दुसऱ्यात भूत नसेल तर गुन्हेगार सापडला. स्क्रीनवर पाहत कॅमेरा डावीकडे वळवला तर दिवे उजवीकडे सरकतात आणि भुतं डावीकडे, तीही एक खूण. दिव्याभोवती धुरकट वलय असेल तर तो वेगळा आजार: बोटांचे ठसे, तेलकट थर किंवा दमट हवेत काचेवर बसलेली वाफ. फिल्टर पुसून पाहावा, मग लेन्स. दिव्यातून निघणारे लांब आरे लेन्सच्या पडद्याच्या पात्यांमुळे येतात, त्यांचा फिल्टरशी संबंध नाही.

तेव्हा रात्री दिवे चौकटीत असतील तर फिल्टर काढायचा. काळ्या आभाळातली भुतं नंतर पुसता येतात, पण तीच एखाद्याच्या चेहऱ्यावर किंवा इमारतीच्या खिडक्यांवर बसली तर काम किचकट होतं. ओरखड्यांची भीती असेल तर हूड लावावा. तो धक्काही झेलतो आणि बाजूचा प्रकाशही अडवतो. फिल्टर अडकला असेल तर कड चिमटून पिळू नये, त्याने ती लंबगोल होऊन अधिक घट्ट बसते. कडेभोवती जाड रबरबँड चढवून हलक्या हाताने फिरवावा. पावसाळ्यात नरिमन पॉइंटला लाटांचे तुषार उडत असतील तर फिल्टर ठेवणंच शहाणपणाचं, कारण मिठाचं पाणी लेन्सवरून पुसण्यापेक्षा तो धुणं सोपं. तिथे थोडी भुतं मी सोसतो.

फिल्टर काढण्याचा हा सल्ला एका डिजिटल कॅमेऱ्याला मात्र लागू पडत नव्हता. 2006 मध्ये आलेल्या लायका एम8 च्या सेन्सरवरची अवरक्त अडवणारी काच इतकी पातळ होती, की काही काळे कृत्रिम कपडे फोटोत जांभळट येत. कंपनीने ग्राहकांना अतिनील आणि अवरक्त दोन्ही अडवणारे दोन फिल्टर मोफत दिले. म्हणजे रात्री फिल्टर ठेवला तर दिव्यांची भुतं येण्याचा धोका, काढला तर कोट जांभळा. 2009 च्या एम9 मध्ये ती काच सुधारली आणि फिल्टरची सक्ती संपली.