केळीचा डाग आणि कोकोचा घोट

यावल-रावेरकडे केळीचे घड उतरवणाऱ्या मजुरांचे कपडे पाहिले की ते काय काम करतात हे विचारावं लागत नाही. सदऱ्यावर तपकिरी, जवळजवळ काळे डाग असतात आणि ते कितीही धुतले तरी जात नाहीत. ताजा चीक पाण्यासारखा असतो. हवा लागली की थोड्या वेळात तो तपकिरी होतो. भरताची वांगी चिरून ठेवली की काळी पडतात, म्हणून घरातल्या बाया चिरलेलं वांगं लगेच पाण्यात टाकतात. या दोन्हींमागे एकच विकर, म्हणजे एन्झाइम, आहे. त्याचं नाव पॉलिफिनॉल ऑक्सिडेज. वनस्पतीत पॉलिफिनॉल नावाची रसायनं असतात. फळ कापलं, चेचलं की हे विकर आणि ती रसायनं एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि त्यांचं रूपांतर तपकिरी रंगात होतं.

या डागाची आठवण मला आप्पांच्या स्वयंपाकघरात झाली. आप्पा माझे चुलते. वय बासष्ट, घरची केळीची बाग, चार वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू. कोकोने रक्तवाहिन्या मोकळ्या होतात असं कुणीतरी मोबाइलवर पाठवलं होतं. तेव्हापासून सूनबाई रोज सकाळी दोन पिकली केळी, दूध आणि चमचाभर कोको मिक्सरमधून काढून त्यांना देत होत्या. आप्पांनी विचारलं, "काय भो, याचा खरंच काही उपयोग आहे का?"

कोको, बेरीवर्गीय फळं आणि चहा यांतल्या पॉलिफिनॉलांचा रक्तवाहिन्यांशी संबंध आहे, हे खरं आहे. कोकोत त्यातला फ्लॅव्हेनॉल हा गट असतो आणि त्यातला एपिकॅटेचिन हा रेणू महत्त्वाचा. रक्तवाहिनीला आतून पेशींचा एक पातळ थर असतो. रक्ताचा प्रवाह वाढला की या पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतात. त्याने भोवतीचे स्नायू सैल पडतात आणि वाहिनी रुंदावते. एपिकॅटेचिनमुळे ही क्रिया अधिक चांगली होते.

हे मोजायची रीत सोपी आहे. रक्तदाब मोजतात तसला पट्टा हाताला बांधून पाच मिनिटं घट्ट फुगवतात, म्हणजे पुढचा प्रवाह थांबतो. मग पट्टा एकदम सोडतात. रक्त जोरात धावतं आणि दंडाची धमनी किती रुंदावली हे सोनोग्राफीवर दिसतं. धमनी साधारण चार मिलिमीटरची. ती सहा टक्के रुंदावली तर वाढ होते पाव मिलिमीटरपेक्षाही थोडी कमी. इतकी बारीक मोजणी असल्याने माणूस जेवून आलाय का, सिगारेट ओढून आलाय का, खोली किती गार आहे, यानेही आकडा हलतो. म्हणून चांगल्या चाचणीत हे सगळं सारखं ठेवतात.

इंग्लंडमध्ये 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पोट सुटलेल्या, साखर-चरबीचं गणित बिघडलेल्या 115 लोकांना सहा महिने ब्लूबेरीची भुकटी दिली. रोज दीडशे ग्रॅम फळाइतकी भुकटी घेणाऱ्यांत धमनीचं हे रुंदावणं सुमारे दीड टक्क्याच्या अंकाने वाढलं. निम्मी मात्रा घेणाऱ्यांत तसा फरक दिसला नाही. पूर्ण मात्रेतही रक्तदाब बदलला नाही. वाहिनीची लवचीकता सुधारणं आणि दाब उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे नीट लक्षात ठेवावं लागतं.

आता आप्पांच्या पेल्याकडे येऊ. 2023 साली ब्रिटन-अमेरिकेतल्या संशोधकांनी अगदी हाच प्रश्न तपासला. आठ निरोगी पुरुषांना वेगवेगळ्या दिवशी तीन प्रकारे फ्लॅव्हेनॉल दिलं: एकदा कॅप्सूलमधून, एकदा बेरींच्या घट्ट पेयातून, एकदा केळीच्या पेयातून. नंतर त्यांचं रक्त तपासलं. बेरींच्या पेयानंतर रक्तातली पातळी कॅप्सूलइतकीच होती. केळीच्या पेयानंतर ती सुमारे 85 टक्क्यांनी कमी भरली. केळ्यात हे विकर भरपूर असतं आणि बेरींत फार कमी. सदऱ्यावर डाग पाडणारी क्रियाच मिक्सरच्या भांड्यात होत होती.

पुढच्या भागात त्यांनी केळीचं पेय आणि फ्लॅव्हेनॉल आधी मिसळू न देता सोबत दिलं. तरीही पातळी कमीच आली. म्हणजे विकर पोटात गेल्यावरही काही वेळ काम करत असावं. माणसं मोजकी होती आणि मोजली ती रक्तातली पातळी, धमनी नव्हे. पण फरक इतका मोठा होता की मला तो दुर्लक्षावासा वाटत नाही.

आप्पांच्या कोकोत आणखी एक अडचण होती. त्यांच्या पाकिटातली भुकटी गर्द काळपट तपकिरी होती आणि घटकांत 501 हा क्रमांक होता. हे पोटॅशियम कार्बोनेट, म्हणजे क्षार. कोकोचा आंबटपणा जावा, रंग गडद व्हावा म्हणून भुकटीवर क्षाराची प्रक्रिया करतात आणि त्यात फ्लॅव्हेनॉल जातं. बाजारातल्या भुकट्यांच्या एका तपासणीत क्षार न लावलेल्या कोकोत ग्रॅममागे सरासरी 34.6 मिलिग्रॅम फ्लॅव्हेनॉल मिळालं, मध्यम प्रक्रियेत 7.8 आणि जास्त प्रक्रियेत 3.9. पाच ग्रॅमच्या चमच्याचा हिशोब केला तर पहिल्यात सुमारे 170 मिलिग्रॅम, शेवटच्यात वीसही नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने रक्तवाहिन्यांच्या लवचीकतेसाठी दिवसाला 200 मिलिग्रॅमचा दावा मान्य केला आहे. गडद रंग म्हणजे जास्त गुण, हा समज कोकोच्या बाबतीत उलटा पडतो. डार्क चॉकलेटवर लिहिलेल्या कोकोच्या टक्केवारीवरूनही फ्लॅव्हेनॉल किती उरलंय ते कळत नाही.

चहाची गंमत अशी की काळा चहा होतो तोच या विकरामुळे. पानं चुरगाळली की तेच तपकिरी होणं सुरू होतं आणि हिरव्या पानातल्या कॅटेचिनांपासून चहाचा रंग देणारी मोठी संयुगं तयार होतात. तरी कोऱ्या काळ्या चहाने धमनी अधिक रुंदावल्याचं चाचण्यांत दिसलं आहे. बर्लिनमधल्या 2007 च्या एका चाचणीत सोळा स्त्रियांना अर्धा लिटर चहा दिला. कोऱ्या चहाने फायदा झाला, दहा टक्के दूध घातल्यावर तो दिसला नाही. दुधातलं केसीन कॅटेचिनांना धरून ठेवतं, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या काही अभ्यासांत मात्र दुधाने रक्तातली कॅटेचिनं घटलेली दिसली नाहीत. हा वाद मिटलेला नाही. पण आपला चहा निम्म्या दुधाचा आणि दोन चमचे साखरेचा, त्याला बर्लिनच्या कपाचा निकाल लावणं मला पटत नाही.

यावर कुणी म्हणेल, रक्तदाबाचं काय? कोकोच्या 35 चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात (2017) दाब सरासरी पावणेदोन अंकांनी उतरला. त्या चाचण्या काही आठवड्यांच्याच होत्या. अमेरिकेत एकवीस हजारांवर वयस्कांना साडेतीन वर्षांहून जास्त काळ रोज 500 मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हेनॉल कॅप्सूलने दिलं. हृदयविकार-पक्षाघातासारख्या एकूण घटना दहा टक्क्यांनी कमी दिसल्या, पण तो फरक योगायोगाच्या कक्षेतच होता. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू मात्र कमी झाले. त्या अभ्यासाला चॉकलेट बनवणाऱ्या कंपनीचीही मदत होती. मला आशा वाटते, पण पावणेदोन अंकांसाठी कुणी गोळी बंद करू नये, हे आप्पांना मी दोनदा सांगितलं.

केळी बंद करायचं कारण नाही. पोटॅशियमसाठी ती त्यांना चांगलीच आहेत, आणि बागेचा माल घरात असताना सोडायची कशाला? आप्पा आता सकाळी शेतात जाताना दोन केळी खातात. संध्याकाळी चार वाजता सूनबाई क्षार न लावलेला, फिकट तांबूस कोको गरम पाण्यात ढवळून देतात. पहिल्या घोटाला ते तोंड वाकडं करतात, कारण तो आंबट-कडू लागतो.